वहीतला 'हॅड'

शिवाजी नगर, भोपाळ. संध्याकाळी भाचीची इंग्रजी वाक्यबदलाची वही पाहिली. मूळ वाक्य होतं, 'शी डिडन्ट टेक द मेडिसिन, सो शी इज इल नाऊ.' सुरुवात 'हॅड'ने करायची. तिनं लिहिलं, 'हॅड शी टेकन द मेडिसिन, शी वुड हॅव बीन वेल नाऊ.' पहिला भाग अचूक. 'इफ' गाळला की 'हॅड' कर्त्याच्या आधी येतो. घोटाळा दुसऱ्या भागात होता. औषध तेव्हा राहिलं, आजारपण मात्र आत्ताचं, म्हणून 'वुड बी वेल नाऊ'. 'औषध घेतलं असतं तर आत्ता बरी असती' असं मराठीत म्हणताच तिनं स्वतःच खोडून दुरुस्त केलं. किती आनंद झाला! नकारासाठी मात्र 'हॅड शी नॉट टेकन' असंच सुटं लिहायचं, 'हॅडन्ट शी' नाही. उद्या तेच घेऊ.