तीन दिवस बाकी

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. त्या दिवशी नागपंचमी होती. हातकणंगले तालुक्यात दोन्ही बाजूंनी पाणी वाढत होतं. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा, आणि आमचं कॉलेज मधल्या कोरड्या पट्ट्यात. शनिवारी, १० तारखेला, आमचा आंतरमहाविद्यालयीन महोत्सव होता. दुपारी सरांनी टीमला बोलावलं आणि कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं. कुणीही वाद घातला नाही. निलेवाडीची दोन मुलं तर त्या बैठकीला पोचूच शकली नव्हती.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते आणि प्रसिद्धीच्या गटात काम करत होते. बैठक संपल्यावर आम्ही लगेच फेसबुक पेजवरचा इव्हेंट रद्द केला. ज्यांनी ‘येणार’ म्हणून कळवलं होतं त्यांना आपोआप सूचना गेली. पेजवर एक साधी पोस्टही टाकली: पूरस्थितीमुळे महोत्सव रद्द, नवी तारीख ठरलेली नाही. प्रत्येक संघाच्या प्रमुखाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप गेला. तरी संध्याकाळी सात वाजता पेजवर रंगीत पोस्टर झळकलं: ‘फक्त ५ दिवस बाकी!’

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चुकून टाकलं. गटावर विचारपूस झाली, पण सगळे नाही म्हणाले. मग आमच्या डिझायनरच्या लक्षात आलं. दहापासून चारपर्यंतची पोस्टर्स तिने जुलैच्या शेवटी एकाच बैठकीत पेजवर वेळ लावून ठेवली होती. इव्हेंट ही एक वस्तू आणि वेळ लावलेली पोस्ट ही दुसरी, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इव्हेंट रद्द केला तरी पोस्टला त्याचा पत्ता नसतो. तिला ठाऊक असते ती फक्त तारीख आणि वेळ. ती फोनमध्येही नसते. कंपनीच्या सर्व्हरवर बसलेली असते, म्हणून आपला फोन बंद असो, वीज गेलेली असो, ती निघते.

६ तारखेला सकाळी डिझायनरने Publishing Tools मध्ये जाऊन Scheduled Posts ची यादी उघडली. त्यात ‘४ दिवस’ उरलं होतं, ते तिने काढलं. यादी रिकामी झाली. त्या संध्याकाळी सातला काहीच आलं नाही. आम्ही तो विषय सोडून दिला, कारण तोपर्यंत कामं बदलली होती. शिरोली पुलाची इथं महामार्गावर पाणी आलं होतं, कोल्हापूरकडे जाणं बंद झालं होतं. पेज आता मदतीसाठी चालू होतं. पिण्याचं पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड कुठं जमा करायचं, इचलकरंजीत कुठल्या निवारा केंद्रात काय कमी आहे, रुई-इंगळीकडून कोण निघालंय, कुणाला जागा हवी आहे. ही माहिती दर तासाला बदलत होती आणि लोक ती वाचत होते.

७ तारखेला, बुधवारी, संध्याकाळी सात वाजता त्या सगळ्यावर पुन्हा पोस्टर आलं. फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवरही. ‘३ दिवस बाकी! हातकणंगलेत येतोय जल्लोषाचा महापूर!’

हे वाक्य जुलैत लिहिलं तेव्हा सगळ्यांना आवडलं होतं. आता राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या खुणेवरून कधीच पुढं गेली होती. खाली पहिली प्रतिक्रिया आली: ‘असलं काय टाकालाय? हितं माणसं पत्र्यावर बसल्यात.’ दुसऱ्या प्रतिक्रियेत एका बाईंनी चंदूरच्या आपल्या भावाचा नंबर दिला होता आणि बोटीसाठी कुणाला फोन करायचा ते विचारलं होतं. पोस्ट ताबडतोब काढायची होती, पण पोस्ट काढली की तिच्याखालचे सगळे शब्दही जातात. म्हणून आधी प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट घेतले, तो नंबर मदतीच्या गटाकडे पाठवला आणि मग पोस्ट काढली. त्या बाईंना वेगळा निरोप पाठवला. तेवढ्या वेळात पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं होतं. ते परत घेता येत नाही.

तासाभराने सातारा जिल्ह्यातल्या एका नाट्यसंघाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांना रद्द झाल्याचा निरोप सोमवारी मिळाला होता. आता ‘३ दिवस’ पाहून त्यांनी संघाला पुन्हा तालमीला बोलावलं होतं.
“मॅडम, कार्यक्रम परत ठरला म्हणा की. शनिवारी पहाटे निघालो तर रस्ता मोकळा असेल ना?”
“नाही सर, निघू नका. महामार्ग बंद आहे. ते पोस्टर आपोआप गेलंय.”
“पण ते रद्दच्या नंतर आलंय.”

त्यांचं बरोबर होतं. वाचणारा माणूस तारखेच्या क्रमाने वाचतो. सोमवारी ‘रद्द’ आणि बुधवारी ‘३ दिवस बाकी’ असेल तर दुसरं खरं धरायचं, हा साधा व्यवहार आहे. उशिरा आलेली पोस्ट आधीच्या निर्णयाला नुसती विसंगत दिसत नाही, ती त्याला फिरवते. पंधरा-वीस पोरं गाडीत बसून पाण्याकडे निघाली असती, हे कळल्यावर हात गार पडले. लगेच रद्दची सूचना पेजच्या सर्वांत वर पिन केली. इन्स्टाग्रामवर तेव्हा तशी सोय नव्हती, म्हणून नावाखालच्या ओळीतच ‘१० ऑगस्टचा महोत्सव रद्द’ असं लिहिलं.

पण यादी रिकामी असताना पोस्ट आली कुठून? काढण्याआधी डिझायनरने तिचा स्क्रीनशॉट घेतला होता. पेज चालवणाऱ्यांना पोस्टच्या खाली बारीक अक्षरांत ती कुणी प्रसिद्ध केली ते दिसायचं. सोमवारच्या पोस्टखाली तिचं नाव होतं. बुधवारच्या पोस्टखाली माणसाचं नाव नव्हतं, पोस्ट लावून देणाऱ्या एका बाहेरच्या सेवेचं नाव होतं. मग उलगडा झाला. पेजची यादी फक्त पेजमध्येच लावलेल्या पोस्ट दाखवत होती. बाहेरच्या सेवेतल्या पोस्ट त्या सेवेच्या सर्व्हरवर थांबतात आणि वेळ झाली की आत येतात. तोपर्यंत पेजला त्यांची काही खबर नसते. रिकामी यादी खोटी नव्हती, ती अपुरी होती.

ही सेवा आमच्या एका सीनियर दादाने जोडली होती. इन्स्टाग्रामला वेळ लावायची सोय पेजमधून मिळत नव्हती, म्हणून शेवटच्या तीन दिवसांची पोस्टर्स त्याने तिथं ठेवली होती आणि सोबत फेसबुकच्याही चौकटीत खूण केली होती. दादाचं घर शिरोळ तालुक्यातलं. तो घरच्यांना आणि जनावरांना घेऊन शाळेत गेला होता आणि त्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता. सेवेचं लॉगिन त्याच्या एकट्याकडे होतं.

कुणीतरी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलला. त्याने काही साधणार नव्हतं, कारण ती सेवा इन्स्टाग्रामच्या पासवर्डने आत येतच नव्हती. तिने दादाच्या फेसबुक खात्याकडून परवानगी घेतली होती आणि पेजला जोडलेलं इन्स्टाग्राम खातंही त्याच परवानगीवर उघडत होतं. दादाने आपला फेसबुकचा पासवर्ड बदलला असता तर ती तुटली असती, पण ते त्याच्याशिवाय कुणाला करता येत नाही. पूर्ण पेज लपवणं हा एक उपाय होता. मला तो पटला नाही. त्या पेजवर लोक निवारा केंद्रांचे पत्ते शोधत होते, एका पोस्टसाठी ते बंद करणं म्हणजे जास्त नुकसान.

उरलेला मार्ग साधा होता. सेवा जी परवानगी वापरते ती दादाच्या पेजवरच्या अधिकारातून येते. दादाला पेजच्या अधिकारांतून काढलं की परवानगी पोकळ होते, आणि फेसबुक-इन्स्टाग्राम दोन्हीकडचा रस्ता एकदमच बंद होतो. पण अधिकार द्यायचं-काढायचं काम तेव्हा फक्त अ‍ॅडमिनला करता यायचं. डिझायनर एडिटर होती. ती पोस्ट टाकू शकत होती, काढू शकत होती, माणसं हलवू शकत नव्हती. दादा सोडला तर अ‍ॅडमिन एकटे सर. सर इचलकरंजीत एका निवारा केंद्रावर होते आणि नेटवर्क येत-जात होतं.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन लागला. मी टप्प्याटप्प्याने सांगत गेले: सेटिंग्ज, Page Roles, दादाचं नाव, Remove. मध्ये दोनदा फोन तुटला. पाच वाजून गेल्यावर सर म्हणाले, “झालं बघ. गेला तो. त्याला वाईट नाही ना वाटणार?”

सात वाजता आम्ही तिघी वर्गात फोन धरून बसलो होतो. पेजवर काही आलं नाही, इन्स्टाग्रामवरही नाही. सव्वासातला डिझायनरने सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळची बातमी वाचून दाखवली. त्या दिवशी तिथं लोकांना वाचवून नेणारी बोट उलटली होती. आम्ही तसेच उठून पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स मोजायला गेलो.

पाणी ओसरायला लागल्यावर दादाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला. त्याच्या मेलमध्ये त्या सेवेच्या दोन सूचना होत्या: गुरुवारची आणि शुक्रवारची पोस्ट प्रसिद्ध होऊ शकली नाही. तो लगेच म्हणाला, “मला पेजवर परत घेऊ नका अजून. आधी तिथलं साफ करतो.” अयशस्वी झालेल्या पोस्ट तिथं नाहीशा होत नाहीत. बाजूला थांबलेल्या असतात आणि एका बटणावर पुन्हा पाठवता येतात. त्या काढून, जोडणी तोडून, मगच तो परत पेजवर आला.

महोत्सव त्या वर्षी झाला नाही. सप्टेंबरमध्ये दादा आणि डिझायनर यांनी प्रसिद्धीच्या तक्त्यात तीन रकाने वाढवले: पोस्ट कुठं थांबली आहे, कुणाच्या खात्यातून जाणार आहे, ते माणूस सापडलं नाही तर कोण थांबवू शकतं. तिसरा रकाना भरल्याशिवाय वेळ लावायची नाही, असं ठरलं. अ‍ॅडमिन दोनाचे तीन झाले आणि तिघं तीन वेगवेगळ्या गावांतले निवडले. पोस्टरवर ‘इतके दिवस बाकी’च्या जोडीला पूर्ण तारीख छापायची, हे माझं म्हणणं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ते ‘३ दिवस’ सप्टेंबरातही एकाने मला पाठवलं होतं आणि महोत्सव कधी आहे म्हणून विचारलं होतं.

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली तेव्हा मागच्या वर्गातल्या मुलांचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर होता. त्यांच्यातल्या एकीने फोन केला, “ताई, तक्त्यात चार जागा आहेत. चारही रिकाम्या केल्या. रद्दची पोस्ट आत्ता टाकू का सातलाच टाकू?” मी म्हटलं, आत्ता टाक, पिन कर, आणि सात वाजता तिघींनी उघडून बघा.