√n आणि √(n+1): एका उत्तराची तपासणी

f(x) = x² हे फलन सर्व वास्तव संख्यांच्या संचावर संतत आहे, परंतु एकसमान संतत नाही, हे दाखवण्याचा प्रश्न वास्तव विश्लेषणाच्या पदवी परीक्षेत इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर तपासताना काही अन्याय घडू शकेल, अशी शंकासुद्धा सहसा कोणाच्या मनात येत नाही. तसा अन्याय घडलेली एक उत्तरपत्रिका प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आली. त्या उत्तराची हकीकत येथे त्यातील गणितासह मांडली आहे, कारण गणित वगळले तर गुण कापले गेल्याची आणखी एक तक्रार एवढेच तिचे स्वरूप उरेल.

फलन एखाद्या बिंदूपाशी संतत असणे म्हणजे, त्या बिंदूपाशी कोणताही धन ε दिला असता एक धन δ असा सापडणे, की त्या बिंदूपासून δ पेक्षा कमी अंतरावर असलेल्या प्रत्येक x साठी फलनाच्या किमतींतील फरक ε पेक्षा कमी राहतो. येथे δ हा बिंदूनुसार बदलला तरी चालतो. एकसमान सातत्यात मात्र ही सवलत काढून घेतलेली असते : ε दिल्यावर एकच δ असा हवा, की संचातील कोणत्याही दोन संख्यांमधील अंतर त्याहून कमी असले म्हणजे त्यांच्या किमतींतील फरक ε पेक्षा कमी असलाच पाहिजे, मग त्या संख्या शून्याजवळच्या असोत किंवा कोटींच्या घरातल्या असोत. हा गुणधर्म नाही असे सिद्ध करायचे, तर एक ठरावीक ε असा दाखवावा लागतो की ज्यासाठी कोणताही δ पुरा पडत नाही. आणि हे दाखवण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे xₙ आणि yₙ अशा दोन क्रमिका निवडणे, की ज्यांच्या संगत पदांमधील अंतर शून्याकडे जाते, परंतु f(xₙ) आणि f(yₙ) यांच्यातील फरक एका ठरावीक धन संख्येच्या खाली कधीच येत नाही. कोणी कितीही लहान δ पुढे केला, तरी पुरेशा मोठ्या n साठी xₙ आणि yₙ त्याच्या आत येतात आणि तो δ निकामी ठरतो.

पाठ्यपुस्तकांत या जागी बहुधा n आणि n + 1/n ही जोडी येते. ती आकाशातून पडलेली नाही. n पासून h एवढे पुढे सरकले तर (n+h)² − n² = 2nh + h² एवढा फरक पडतो; h शून्याकडे जायला हवा आणि तरीही 2nh शून्याकडे जाता कामा नये, म्हणून h = 1/n घेतला की फरक 2 + 1/n² होतो आणि तो २ पेक्षा नेहमीच मोठा राहतो. शंभरचा वर्ग 10000 आहे आणि 100.01 चा वर्ग 10002.0001, संख्या एकमेकींपासून शतांश अंतरावर असूनही त्यांच्या वर्गांत दोनाहून अधिक अंतर पडते. h = 1/n² घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र काही लागत नाही, कारण तेव्हा फरक 2/n + 1/n⁴ होऊन स्वतःच शून्याकडे जातो. अशी जोडी मिळाल्याने फलन एकसमान संतत ठरत नाही. निवड फसली, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या विद्यार्थिनीची ही उत्तरपत्रिका, तिने ही जोडी वापरली नव्हती. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्याआधी तिने मागवलेली छायाप्रत लेखिकेसमोर ठेवण्यात आली, तेव्हा त्या प्रश्नाखाली पुढील तीन ओळी होत्या :

xₙ = √n, yₙ = √(n+1)

yₙ − xₙ = 1 / (√(n+1) + √n) → 0

f(yₙ) − f(xₙ) = (n+1) − n = 1

आणि त्यांच्याखाली, ε = 1 साठी कोणताही δ चालत नाही, म्हणून f एकसमान संतत नाही, असे एक पूर्ण वाक्य होते. समासात लाल शाईने ‘क्रमिका चुकीच्या’ असा शेरा होता आणि पाचपैकी एक गुण दिलेला होता.

या तीन ओळींत काही उणे आहे का, हे लेखिकेने बारकाईने तपासले. दुसऱ्या ओळीत मुळांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने गुणून भागले आहे. अंशात (n+1) − n म्हणजे एक उरतो आणि छेद अमर्याद वाढत जातो, त्यामुळे अपूर्णांक शून्याकडे जातो, यात शंका घ्यायला जागा नाही. तिसऱ्या ओळीतील फरक प्रत्येक n साठी अचूक एक आहे. तेथे असमानतेचीसुद्धा गरज पडत नाही. एखाद्या परीक्षकाला अमूर्त विधान पुरेसे वाटत नसेल, तर त्याने δ = 0.001 घेऊन पाहावे : n = 250000 साठी xₙ = 500 होतो, yₙ हा 500 पेक्षा किंचित मोठा असतो, दोहोंची बेरीज 1000 पेक्षा जास्त असल्यामुळे त्यांच्यातील अंतर 0.001 पेक्षा कमी भरते, आणि वर्ग मात्र 250000 व 250001 असतात. δ याहून लहान घेतला तर n आणखी मोठा घ्यावा लागेल, एवढेच.

मग ‘चुकीच्या’ म्हणजे काय? तपासणीसाठी दिलेल्या आदर्श उत्तरात xₙ = n ला एक गुण, yₙ = n + 1/n ला एक गुण, आणि वर्गांतील फरक २ पेक्षा मोठा असल्याचे दाखवण्यास दोन गुण अशी विभागणी होती, हे नंतर कळले. विद्यार्थिनीच्या उत्तरात n नव्हता, n + 1/n नव्हता आणि २ ही नव्हता. निष्कर्षाचा एक गुण तेवढा तिला मिळाला. पुनर्मूल्यांकनातही गुण बदलले नाहीत आणि त्याचे कारण कोठेही लिहिलेले नव्हते. अस्तित्व सिद्ध करण्याच्या प्रश्नात, म्हणजे अशी एखादी जोडी आहे एवढेच दाखवायचे असताना, ठरावीक जोडीलाच गुण ठेवणे हे प्रश्नाच्या तर्काशीच विसंगत आहे. अशा जोड्या अनंत आहेत. n आणि n + 1/√n हीदेखील चालते, तेथे फरक 2√n + 1/n होऊन अमर्याद वाढतो.

अधिक खटकणारी गोष्ट त्याच वर्गातील दुसऱ्या एका छायाप्रतीत दिसली. त्या विद्यार्थ्याने क्रमिका घेतल्याच नव्हत्या. c या बिंदूपाशी सातत्य दाखवण्यासाठी लागणारा δ त्याने काढला होता, तो 1 आणि ε/(2|c|+1) यांतील लहान संख्येइतका आला होता, आणि ‘δ हा c वर अवलंबून आहे, म्हणून फलन एकसमान संतत नाही’ असे लिहून त्याने उत्तर संपवले होते. गाइडांमध्ये आढळणारी ही सिद्धता आहे. तिला पाचपैकी पाच गुण होते, आणि ती सिद्धता नाही.

हे केवळ मत नव्हे, ते तपासून पाहता येते. g(x) = √x हे फलन शून्य व सर्व धन संख्यांवर घ्यावे. धन c पाशी √x − √c = (x − c)/(√x + √c) असल्यामुळे नेहमीच्या रीतीने δ = ε√c मिळतो; तो c वर अवलंबून आहे आणि c शून्याकडे जाताना तोही शून्याकडे जातो. गाइडाच्या तर्काने हे फलन एकसमान संतत नसले पाहिजे. प्रत्यक्षात ते आहे : |√x − √y| चा वर्ग |x − y| पेक्षा मोठा कधीच नसतो, म्हणून δ = ε² हा एकच δ सर्वत्र पुरतो. एका पद्धतीने काढलेला δ बिंदूवर अवलंबून निघाला, यावरून बिंदूवर अवलंबून नसलेला δ अस्तित्वातच नाही असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर सर्व δ नाकारावे लागतात, आणि क्रमिकांची जोडी नेमके तेच काम करते. म्हणजे खऱ्या सिद्धतेला एक गुण आणि विधान योगायोगाने खरे असल्यामुळे निभावून गेलेल्या युक्तिवादाला पाच, असा तो हिशेब होता. ज्यांच्याकडे पेपर तपासणी येते, त्यांनी आदर्श उत्तरावर ‘अथवा इतर कोणतीही वैध निवड’ एवढे शब्द छापून घेण्याचा आग्रह धरावा, आणि √x चे उदाहरण वर्गात x² च्या अगदी शेजारी शिकवावे.

याच संदर्भात आणखी एक चूक वारंवार दिसते. दोन क्रमिका ‘जवळ येतात’ याचा अर्थ त्या एखाद्या संख्येकडे जातात असा घेतला जातो, आणि मग 1/n व 2/n अशी जोडी लिहिली जाते, जिच्या वर्गांतील फरकही शून्याकडे जातो. x² साठी परिबद्ध क्रमिकांची कोणतीही जोडी कामाची नाही. −M ते M या अंतरालात x² − y² = (x − y)(x + y) मधील दुसरा अवयव 2M च्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे तेथे δ = ε/2M पुरतो. बंद आणि परिबद्ध अंतरालावर संतत असलेले प्रत्येक फलन एकसमान संतत असते, याची सिद्धता जर्मन गणिती एदुआर्द हाइने यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. x² चा दोष म्हणून फक्त अनंताकडे दिसतो, आणि निवडलेल्या दोन्ही क्रमिकांनी एकमेकींना न सोडता तिकडे जायलाच हवे.

या सगळ्यानंतरही एक गोष्ट मान्य करावी लागते. वर्गात हा विषय शिकवताना लेखिका स्वतः n आणि n + 1/n हीच जोडी आधी घेते, कारण 2nh या पदात दोष कोठून येतो ते उघड दिसते, तर √n च्या जोडीत तो दोष वर्गमुळांच्या आड जातो. आदर्श उत्तर लिहिणाऱ्यालाही बहुधा हेच वाटले असेल, आणि शेकडो उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांकडून तपासून घेताना गुणांची ठरावीक विभागणी लागते, हेही खरे आहे. मात्र विद्यार्थिनीच्या निवडीत एक अशी सोय आहे, जी पाठ्यपुस्तकातील जोडीत नाही. x³ साठी पाठ्यपुस्तकाच्या वाटेने h = 1/n² नव्याने शोधावा लागतो; तिच्या वाटेने ∛n आणि ∛(n+1) लगेच सुचतात, घनांतील फरक पुन्हा एकच राहतो आणि अंतर शून्याकडे जाते. eˣ साठी ln n आणि ln(n+1) घेतले की अंतर ln(1 + 1/n) होते, तेही शून्याकडे जाते, आणि किमतींतील फरक पुन्हा अचूक एक. ज्या बिंदूंपाशी फलनाला लागोपाठचे पूर्णांक किंमत म्हणून मिळतात तेच बिंदू घ्यायचे आणि ते एकमेकांजवळ येत जातात का ते पाहायचे, एवढीच ही रीत आहे; f(x) = x साठी ते बिंदू n आणि n+1 हेच असतात, त्यांच्यातील अंतर एकाच्या खाली येत नाही, आणि ते फलन एकसमान संतत आहेच.