दोनदा रामकृष्णहरी

काल चिवडा करून झाल्यावर पोह्यांची चाळण उचलली, तर खालच्या परातीत तेलाचं तळं साचलेलं दिसलं. असेल तीन-चार चमचे. अर्धा किलो पातळ पोह्यांतून निथळलेलं. मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत राहिले. हे तेल खाली उतरलं नसतं तर डब्यात गेलं असतं, आणि थोड्याच दिवसांत झाकण उघडल्याबरोबर खवट वास आला असता.

पातळ पोहे तळू नयेत, भाजावेत, असं बहुतेक घरांत सांगतात. ते खोटं नाही, कारण हे पोहे तेल फार पितात. पण नीट तळलेल्या पातळ पोह्याचा जिभेवर विरघळणारा हलकेपणा भाजलेल्याला येत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मला माझ्या बार्शीच्या आत्याने दिलंय.

आत्या आधी पोहे चाळून घ्यायची. खाली पडणारी कणी तेलात गेली की तळाशी जळते आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवट करते. मग शेंगदाणे. ते तेल पुरतं तापायच्या आधीच, मध्यम आचेवर, कारण दाणा जाड. कडकडीत तेलात साल करपतं आणि आत कच्चं राहतं. दाणे टाकले की तेल जोरात चरचरतं. तीन-चार मिनिटांनी, दाण्यातलं पाणी सरलं की, आवाज उतरतो. तेव्हा एक दाणा काढून फोडायचा. आत फिकट बदामी दिसला की सगळे बाहेर. हवा तो रंग कढईतच येऊ दिला तर ताटात तो पुढे जातो, कारण दाणा आतल्या उष्णतेने शिजतच असतो. गरम दाणा मऊ लागतो म्हणून पुन्हा तेलात सोडायचा नाही. कुरकुरीतपणा निवल्यावर येतो.

मग आच मोठी. दोन पोहे टाकून बघायचे. बुडून रेंगाळले तर तेल थंड. लगेच वर येऊन पांढरेशुभ्र फुलले तर बरोबर. वर येता येताच लालसर झाले तर आच कमी करायची. पोह्यातली ओल एका झटक्यात वाफ होऊन बाहेर पडली तरच तो फुलतो. तेल कोमट असेल तर वाफ कुथत निघते, पोहा न फुलता तेल पितो आणि वातड होतो. म्हणून एका वेळी एकच मूठ. जास्त टाकले की तेल निवतं.

आत्याकडे लांब दांड्याची तारेची गाळणी होती. पोह्यांसकट ती तेलात बुडवायची आणि म्हणायची, ‘‘रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.’’ दुसऱ्या ‘हरी’ला गाळणी वर. तीन-चार सेकंद होतात. तिच्याकडे घड्याळ होतं, पण ते पडवीत. मी आठ वर्षांची असताना तिने गाळणी माझ्या हातात दिली. तेलात पोहे एकदम वर उसळले, मोगऱ्याची ओंजळ कुणी उधळावी तसे, आणि मी म्हणायचं विसरून बघतच राहिले. घाणा तांबूस झाला. आत्या रागावली नाही. तिने तो वेगळ्या वाटीत काढला, चिवड्यात मिसळू दिला नाही, आणि म्हणाली, ‘‘बघायचं ते वर काढल्यावर बघ गं बाई.’’

वर काढल्यावर ती गाळणी कढईवर तिरकी धरायची, दांडा दोनदा कडेवर आपटायची, आणि पुन्हा तेच नाव, या वेळी सावकाश, आठ-दहा वेळा. तेवढ्यात तेलही पुन्हा तापायचं. या थांबण्याचं कारण मला खूप उशिरा कळलं. तेलात असताना पोह्यातून वाफ बाहेर पडत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल शिरतं ते बाहेर काढल्यावर. पोहा निवू लागला की आतली वाफ आटते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे जे निथळायचं ते गरम असतानाच. मी तर घाणा कागदावर टाकतच नाही. तेलाने भिजलेल्या कागदावर पोहे बसून राहतात. परातीवर तिरकी ठेवलेली चाळण बरी, आणि घाणे एकावर एक न रचता पसरलेले. वाफ कोंडली की पोहे मऊ पडतात.

अर्धा किलोला माझे पंचवीसेक घाणे होतात. काल मोजता मोजता लक्षात आलं, की आत्या तेलात असतानाचं नाव घाईने आणि वरचं नाव रमून घ्यायची. तिची आषाढीची वारी गुडघ्यांनी बंद झाली होती. दिवाळीच्या आधीच्या त्या दुपारी ती कढईशी बसून दोनशेहून जास्त वेळा नाव घेत असणार. शेवटचा घाणा निथळला, गॅस बंद केला, तरी माझे ओठ हलतच होते.