सुबाभळीचा पाला

आमच्या सावनेरकडे शेळीला बकरीच म्हणतात, म्हणून मीही बकरीच लिहितो. घरच्या सहा बकऱ्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत. पहिल्या दोन तिनं बचत गटाचं कर्ज उचलून घेतल्या होत्या. मी फक्त चारा पाहायचो, अन् तिथंच चुकलो.

त्या उन्हाळ्यात तुरीचं अन् हरभऱ्याचं कुटार फाल्गुनातच संपलं. धुऱ्यावर सुबाभूळ मात्र हिरवीगार होती. मी दीड महिना सकाळ-संध्याकाळ नुसता तोच पाला टाकला. बकऱ्या तुटून पडत. आधी दूधही वाढलं. घरची एकदा म्हणाली, "रोज एकच कायले टाकता? काही तरी मिसळत जा." मी हसण्यावारी नेलं.

मंग एक दिवस बकरी गव्हाणीतून तोंड फिरवून उभी राहिली. तोंडातून लाळ गळत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. आठ दिवसांनी दुसरी गाभण बकरी व्याली. दोन पिल्लं, दोन्ही मेलेली, गळ्याशी लिंबाएवढी सूज. घरची काही बोलली नाही. कर्जाचे हप्ते त्या पिल्लांवरच फेडायचे होते.

गुरांच्या डॉक्टरांनी केस पाहिले अन् पहिला प्रश्न केला, "सुबाभूळ किती देता?" सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचा विषारी घटक असतो. त्यानं केस गळतात. पोटात त्याचं जे रूपांतर होतं, ते गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीचं काम बिघडवतं, म्हणून पिल्लांच्या गळ्याला सूज. कोवळ्या शेंड्यात अन् बियांत हे विष जास्त. हवाई बेटांवरच्या बकऱ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू सापडले आहेत. आपल्याकडच्याही पुष्कळ बकऱ्यांत ते असतात. पण आपल्या बकरीच्या पोटात ते आहेत की नाहीत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पाला मोजूनच द्यायचा.

सुबाभूळ त्याच दिवशी बंद केली. कुटार विकत आणलं, बोरीचा पाला तोडून आणला. दोन महिन्यांनी केस परत आले. पिल्लं गेली ती गेलीच.

त्यानंतर हिशोब शिकलो. बकरीच्या रोजच्या खाण्यात, वाळलेल्या वजनानं धरलं तर, सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायची नाही. तीस किलोची बकरी दिवसाला एक-सव्वा किलो कोरडं खाणं खाते. ओल्या पाल्यात तीन हिस्से पाणीच असतं, म्हणून ओला पाला एक किलो, बस. बाकी कुटार, गवत, दुसरा पाला. सवय नसलेल्या बकरीला पाव किलोपासून सुरुवात करून पंधरा दिवसांत किलोवर न्यायचं. गाभण बकरीला त्याहून निम्माच. सावलीत वाळवलेला पाला तीनशे ग्रॅम म्हणजे ओला एक किलो. सुकवल्यानं विष थोडं उतरतं, पण मी माप तेच ठेवतो.

सहा बकऱ्यांना रोज सहा किलो. मंग झाडं किती लावायची? विहिरीजवळचे चार गुंठे काढले. ओळीत एक फूट अन् दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवून एकशेवीस फुटांच्या बारा ओळी बसल्या, म्हणजे साधारण चौदाशे चाळीस झाडं. बियाचं कवच टणक असतं. चुलीवरून उतरवलेल्या कडक पाण्यात चार मिनिटं ठेवून मंग रात्रभर थंड पाण्यात भिजवलं. उन्हाळ्यात पिशव्यांत रोपं केली अन् पाऊस लागल्यावर लावली.

पहिली कापणी घाई करून करायची नाही. झाड छातीच्या वर, पाच फुटांवर गेलं की कमरेएवढं, अडीच-तीन फुटांवर, धारदार कोयत्यानं तिरपं कापायचं. फांदी चिरली तर खोड सडतं. पाणी असलं तर त्याच झाडाकडे साठ दिवसांनी परत यायचं. एका झाडाचा पाला अन् बारीक डहाळी मिळून पाव किलो. रोज चोवीस झाडं कापली की सहा किलो होतात, अन् साठाव्या दिवशी फेरा पुरा होतो. उन्हाळ्यात फूट मंदावते, फेरा ऐंशी दिवसांवर जातो अन् पाला कमी पडतो. म्हणून पावसाळ्यात जास्त निघालेला पाला वाळवून पोत्यात भरून ठेवतो. शेंगा धरू द्यायच्या नाहीत. धुऱ्यावरच्या जुन्या झाडांचं बी संत्र्याच्या बागेत उडालं, ते उपटणं अजून चालू आहे.

पेंढ्या बांधतो मी, पण ताणकाट्यावर मोजते घरची. मंग कोठ्यात दोरीनं टांगते, म्हणजे पायाखाली तुडवत नाही. जाता जाता एकेकीच्या पाठीवरून हात फिरवते अन् तळवा उजेडात धरून पाहते. तळवा कोरा असला की मला म्हणते, "आणा उद्याच्या पेंढ्या."