पाचव्या प्रश्नासाठी बत्तीस मिनिटे

सी. बी. डी. बेलापूरमधील माझ्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात एक जुने रुग्ण उजव्या हाताचा अंगठा धरून आले. वय अडुसष्ट, मधुमेह आटोक्यात, कोकण भवनातील एका कार्यालयातून निवृत्त झालेले. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला होता. या वयात ते नवलाचे नाही. इतके लिहिण्याचे कारण विचारले तेव्हा थोडे संकोचून म्हणाले, ‘‘डॉक्टर, इतिहासात एम. ए. करतोय. एका पेपरात नापास झालो. चौतीस गुण. पाचवा प्रश्न कोराच राहिला.’’

वाचकहो, त्यांच्या अनुमतीने हे लिहितो आहे. निवृत्तीनंतर मुक्त विद्यापीठात नाव घालणारे आपल्यापैकी अनेक जण आहेत, आणि ज्ञान पुरेसे असूनही ते ज्या जागी अडखळतात ती जागा मला या गृहस्थांमुळे दिसली.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम. ए. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेचे स्वरूप साधे आहे. तीन तास, शंभर गुण, कोणतेही पाच प्रश्न, प्रत्येकाला वीस गुण, प्रत्येक उत्तर सुमारे पाचशे शब्दांचे. प्रश्नपत्रिकेचे दोन विभाग असतात आणि प्रत्येक विभागातून किमान दोन प्रश्न सोडवावे लागतात. उत्तीर्ण होण्यास चाळीस गुण हवेत. एकशे ऐंशी मिनिटे भागिले शंभर, म्हणजे एका गुणाला एक पूर्णांक आठ दशांश मिनिट. हा भागाकार त्यांनाही येत होता. तो कागदावरून हातात उतरत नव्हता, एवढेच.

मी त्यांना घरी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला सांगितले आणि काकूंना वेळ टिपून ठेवायला. पहिल्या उत्तराला बावन्न मिनिटे लागली, दुसऱ्याला सेहेचाळीस, तिसऱ्याला एक्केचाळीस, चौथ्याला पस्तीस. पाचव्यासाठी सहा मिनिटे उरली, आणि त्यांत चार ओळी झाल्या. पहिला प्रश्न त्यांच्या सर्वांत आवडीचा होता, चौथाई आणि सरदेशमुखीचा. माझ्या मते खरा धोका अवघड प्रश्नाचा नसून आवडत्या प्रश्नाचाच असतो.

ते उत्तर मी वाचले. पहिली दोन पाने शिवकालाच्या पार्श्वभूमीत गेली होती; चौथाई म्हणजे काय, हे तिसऱ्या पानावर आले. परीक्षक वीस गुण एकाच मापाने वाटत नाही. प्रश्नाला थेट भिडणारी व्याख्या, मुख्य मुद्दे, इतिहासकारांची मते आणि निष्कर्ष एवढे आले की मिळण्याजोग्या गुणांपैकी बहुतेक पदरात पडतात. पुढच्या वीस मिनिटांच्या लेखनाने फार तर एखाद-दोन गुण वाढतील. तीच वीस मिनिटे कोऱ्या प्रश्नाला दिली, तर सात-आठ गुण सहज येतील. चौतीसाचे चाळीस व्हायला त्यांना एवढेच कमी पडले होते.

मग आम्ही हाताचा वेग मोजला. प्रश्न ताजा असताना ते मिनिटाला चौदा शब्द लिहीत; दोन तासांनंतर, अंगठा दुखू लागल्यावर, बारा. बाराच्या वेगाने पाचशे शब्दांना बेचाळीस मिनिटे लागतात, म्हणजे पाच उत्तरांना साडेतीन तास. पाचशे शब्दांची पाच उत्तरे या हाताने होणारच नव्हती. हे त्यांना पटवणे मला सर्वांत जड गेले. ‘‘पण पाचशे म्हटलंय ना?’’ असे त्यांनी तीनदा विचारले. शब्दसंख्या ‘सुमारे’ आहे; साडेतीनशे ते चारशे शब्दांत मुद्दे पूर्ण आले, तर अपुऱ्या वेगाची भरपाई होते. चार लांब उत्तरे आणि एक कोरे पान यांची भरपाई मात्र कशानेच होत नाही.

वेळापत्रक असे ठरले. पेपर दहाला सुरू होतो असे धरा. पहिली आठ मिनिटे वाचन आणि निवड. त्यातच दोन्ही विभागांतून किमान दोन प्रश्न घेतले आहेत ना, हे बोट ठेवून तपासायचे. मग प्रत्येक उत्तराला बत्तीस मिनिटे, म्हणजे गुणामागे एक पूर्णांक सहा दशांश. पहिले उत्तर दहा वाजून चाळीस मिनिटांनी संपावे, दुसरे अकरा बाराला, तिसरे अकरा चव्वेचाळीसला. त्यानंतर पाच मिनिटे स्वच्छतागृहासाठी. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या गृहस्थाने ही पाच मिनिटे हिशेबात धरली नाहीत, तर ती चौथ्या प्रश्नातून जातात. शिवाय लघवी रोखून बसलेल्या माणसाला सनावळी आठवत नाही. चौथे उत्तर बारा एकवीसला, पाचवे बारा त्रेपन्नला. उरलेली सात मिनिटे प्रश्नक्रमांक तपासणे आणि राहिलेली वाक्ये पुरी करणे यांसाठी. या वेळा लक्षात ठेवायच्या नाहीत. उत्तरपत्रिका हाती आल्यावर कच्च्या कामाच्या पानावर लिहून काढायच्या.

बत्तीस मिनिटांतली पहिली चार आराखड्याची. चौथाईच्या प्रश्नाचा आराखडा त्यांनी माझ्यासमोर केला तो असा : चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा, 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या वेळी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या मिळालेल्या सनदा, वसुलीची पद्धत, मग मतभेद. न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. जदुनाथ सरकारांना तीत संरक्षणाची हमी दिसली नाही, मराठी सैन्याचा उपद्रव टाळण्याची किंमत तेवढी दिसली. शेवटी स्वतःचा निष्कर्ष. पाच मुद्दे आणि अठ्ठावीस मिनिटे, म्हणजे मुद्द्याला साडेपाच. शिवकाल एका वाक्यात आला आणि, खरे सांगायचे तर, काही बिघडले नाही.

वेळ संपली आणि निष्कर्ष राहिला, तर काय? दोन ओळींत मुद्दे टाकायचे, खाली अर्धे पान मोकळे सोडायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. मोकळे पान असले की शेवटच्या सात मिनिटांत परत येता येते. थकलेल्या हाताला शेवटी असा प्रश्न ठेवावा, ज्याचे उत्तर मुद्देसूद मांडता येईल.

हाताचेही थोडे सांगतो. जाड दांड्याचे, हलके सरकणारे पेन घ्या, पेनावरची पकड सैल ठेवा आणि प्रत्येक उत्तरानंतर अर्धा मिनिट हात मांडीवर सोडा. परीक्षेच्या सकाळी मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका; मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास ती विशेष घातक ठरू शकते. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशीपोटी पेपरला जाऊ नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर तिच्या वेळेबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. स्वतःहून बंद करू नका.

घरात बारावीचे नातवंड असेल, तर हाच भागाकार त्याच्यासाठी निराळा येतो. राज्य मंडळाच्या इतिहासाच्या लेखी परीक्षेत तीन तासांत ऐंशी गुण असतात, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इतिहासाच्या एका पेपरला त्याच तीन तासांत अडीचशे गुण असतात. तेथे गुणाला त्रेचाळीस सेकंदच मिळतात. पद्धत तीच, फक्त आधी मिनिटाला किती शब्द होतात ते मोजून घ्यावे लागते.

डिसेंबरच्या परीक्षेनंतर ते आले ते रक्तातील साखरेचा अहवाल दाखवायला. दुसरे उत्तर तीन मिनिटे लांबले, ती त्यांनी शेवटच्या सात मिनिटांतून काढली. पाचवे उत्तर बारा छप्पनला संपले. ‘‘निकालाचं बघू,’’ म्हणाले आणि पुढच्या पेपराच्या वेळा लिहिलेला कागद खिशातून काढून, तिसऱ्या उत्तरानंतरची पाच मिनिटे सहा करता येतील का, ते विचारू लागले.