दोन हात वर

चाकणला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे आणि राहतो आळंदीत. पुतण्या ज्या संघात खेळतो, त्याच्या सामन्यांना सुट्टी असली की जातो. गोलामागे उभा राहून मोबाइलवर कॉर्नर तेवढे रेकॉर्ड करतो आणि वहीत टिपतो. आवड म्हणा किंवा खोड म्हणा. दिवसभर चेकशीट भरणाऱ्या माणसाला मैदानावरही रकाने दिसतात.

वहीत तीन रकाने होते. चेंडू कुठे आला: जवळच्या खांबापाशी, गोलासमोर मधोमध, लांबच्या खांबापाशी, की शॉर्ट. त्याला पहिला कोण लागला: आपला, त्यांचा, की त्यांचा गोली. आणि शेवटी, चेंडू गोलासमोरच्या भागातून निघून जायच्या आत आपला शॉट झाला का. गोल लिहीतच नव्हतो. मोठ्या लीगमध्येही शंभर कॉर्नरमागे तीन-चार गोल होतात. आमच्या नऊ सामन्यांत गोल मोजून काय हाती लागणार?

नऊ सामन्यांत ४६ कॉर्नर मिळाले. जवळच्या खांबापाशी आले २२. त्यात पहिला टच आमचा ५ वेळा, शॉट ४. लांबच्या खांबापाशी ९ पोचले, पहिला टच आमचा ५, शॉट ३. मधोमध आलेले १० बहुतेक गोलीनेच उचलले. उरलेले ५ शॉर्ट.

मी कोचसरांना वही दाखवली. बावीसातून चार आणि नवातून तीन, फरक उघड होता. सरांनाही लांबचाच खांब आवडायचा. उंच पोरगा मागून धावत येतो, उडी मारतो, डोकं लावतो; मनात तेच चित्र राहतं. ९ ऑक्टोबर २०१७ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून भारताचा पहिला वर्ल्डकप गोल केला, तो त्यांनी पोरांना कितीदा दाखवला असेल! त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, त्यामुळे पोरंही मन लावून बघायची. ठरलं, सगळे कॉर्नर लांब मारायचे.

पुढचे तीन सामने कोरडे गेले. चेंडू पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावर बसत होता आणि माझ्या वहीत जवळच्या खांबाच्या रकान्यातच रेघा वाढत होत्या. आता तर कुणी जवळ मारायचा प्रयत्नही करत नव्हतं! तिथे मला माझी चूक कळायला हवी होती. कळली नाही.

कार्तिकी आली. आळंदीत दिंड्या उतरल्या, आमच्या सरावाच्या मैदानावर तंबू आणि गाड्या. चार दिवस खेळ बंद. घरी बसून पहिल्या नऊ सामन्यांचे व्हिडिओ पुन्हा लावले. पुतण्या शेजारी जेवत होता. एका कॉर्नरला तो सहज म्हणाला, “काका, हा तर लांबचा होता. बघा ना, दोन हात वर केलेत.”

कॉर्नर मारणारा पोरगा आधी खूण करतो. एक हात वर म्हणजे जवळचा खांब, दोन हात म्हणजे लांबचा. इतके दिवस मी चेंडूकडे बघत होतो, हाताकडे कधीच नाही.

‘जवळच्या खांबाचे’ २२ कॉर्नर एकेक करून पाहिले. त्यातल्या ११ ला दोन हात वर होते. म्हणजे मारायचे होते लांब, पण उंची कमी पडून वाटेतच अडले. अकराही वेळा पहिला टच त्यांचा. एक हात वर होता तो फक्त ९ कॉर्नरला, आणि आमचे पाचही टच, चारही शॉट त्यातलेच. दोन वेळा मी रेकॉर्डिंग उशिरा सुरू केल्यामुळे हात दिसेना. ते सोडून दिले.

हिशेब उलटला. जवळ मारायला घेतलेल्या ९ मध्ये ४ शॉट, लांब मारायला घेतलेल्या २० मध्ये ३. लांबच्या खांबाचं अपयश मी जवळच्या खांबाच्या खात्यावर मांडत होतो. कारखान्यात हीच चूक नव्या पोराने केली तर मी बोलतो: पार्ट फायनलला रिजेक्ट झाला म्हणून दोष फायनलला झाला असं नसतं, मागे कुठल्या मशीनवर झाला ते शोध.

त्या चार शॉटपैकी तीन पहिल्या टचचे नव्हतेच. जवळच्या खांबापाशी आमच्या पोराने चेंडू नुसता मागे ढकलला आणि शॉट मारला मागून आलेल्या दुसऱ्याने. म्हणून ‘शॉट कुणाचा’ हाही रकाना वाढवला.

सरांना सांगताना जीभ जड झाली, कारण तीन सामने माझ्या वहीमुळे गेले होते. ते एवढंच म्हणाले, “नऊ म्हणजे फार नाहीत.” खरं होतं, एक शॉट इकडचा तिकडे झाला की चित्र बदलतं. तेव्हा सगळे जवळ मारायचे असंही ठरवलं नाही. निम्मे जवळ, निम्मे लांब, आणि वही चालू.

आता पाच रकाने आहेत, पहिला हाताचा. आणि चेंडू कोपऱ्यात ठेवायच्या आधीच मी रेकॉर्डिंग सुरू करतो.