गुलाबी केस आणि गच्चीवरची टाकी

आमच्या भाचीने बहिणीच्या निकाहसाठी केसांची टोकं गडद गुलाबी करून घेतली. निकाहला तीन आठवडे होते आणि दुसऱ्याच धुण्याला मोरीत गुलाबी पाणी वाहू लागलं. पुन्हा पार्लरचा खर्च झेपणारा नव्हता.

असा भडक रंग ब्लीच केलेल्या केसांवर चढतो. पण नेहमीच्या पक्क्या रंगासारखा तो आत घट्ट होत नाही, वरच्या थरांत नुसता अडकून बसतो. म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा निघतोच, गरम पाण्याने जास्त. नागपुरात मे महिन्यात नळाला गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी येतं. आम्ही रात्रीच बादली भरून घरात ठेवू लागलो. भाची पहाटे त्या पाण्याने, आठवड्यातून दोनदाच, केस धुई.

शाम्पूही बदलला. बाटलीवर सोडियम लॉरिल किंवा लॉरेथ सल्फेट लिहिलेलं असेल तर तो नको. त्याची सफाई जास्त कडक असते. मात्र सौम्य शाम्पू लावून रोज केस धुतले तर उपयोग नाही.

गेलेला रंग भरून काढतं ते रंगाचं कंडिशनर. त्यात त्याच जातीचा गुलाबी रंग असतो. आठवड्यातून एकदा, हातमोजे घालून, शाम्पूनंतर पिळलेल्या केसांना लावायचं, दहा मिनिटांनी गार पाण्याने धुवायचं. उशीला जुनं कापड घालावं, डाग पडतात. मुळाशी वाढलेल्या काळ्या केसांवर मात्र हा रंग दिसत नाही, कारण तो काळेपणा काढत नाही.